तीन शाखा, तीन सरासऱ्या

ग्राहकांच्या समाधानाची तुलना करताना सरासऱ्या काढून त्यांची उतरंड लावणे पुरेसे नसते. तीन शाखांत काहीही फरक नसला, तरी प्रत्येक शाखेतून मोजकेच ग्राहक विचारल्यावर तीन वेगळ्या सरासऱ्या येणारच. दिसलेला फरक नमुन्याच्या योगायोगापेक्षा मोठा आहे का, हे आधी तपासावे लागते. त्यासाठी एकमार्गी प्रचरण-विश्लेषण वापरतात. संख्याशास्त्रात ते अनोव्हा या नावाने ओळखले जाते.

समजा, एका पतसंस्थेने स्टेशन, बाजारपेठ आणि गावठाण या तीन शाखांतून प्रत्येकी आठ ग्राहक चिठ्ठ्या टाकून निवडले आणि सेवेला 10 पैकी गुण द्यायला सांगितले. उदाहरणापुरते गुण असे धरू. स्टेशन शाखा: 10, 8, 8, 8, 7, 7, 6, 6. बाजारपेठ: 8, 8, 8, 6, 6, 6, 5, 5. गावठाण: 7, 7, 6, 6, 5, 5, 5, 3. सरासऱ्या अनुक्रमे 7.5, 6.5 आणि 5.5 येतात. फरक डोळ्यांत भरतो. पण गुण एकमेकांत मिसळलेलेही आहेत. स्टेशन शाखेच्या दोघांनी फक्त 6 गुण दिले, तर तळाला असलेल्या गावठाणच्या दोघांनी 7.

अनोव्हाचा विचार इथूनच सुरू होतो. एकाच शाखेत, त्याच खिडकीवर, तीच सेवा घेणारे ग्राहकही सारखे गुण देत नाहीत. शाखेच्या आत असलेली ही घट-वाढ हेच मोजमापाचे माप. शाखांच्या सरासऱ्यांमधले अंतर या मापाच्या तुलनेत किती मोठे आहे, एवढाच प्रश्न अनोव्हा विचारते. रोनाल्ड फिशर यांनी 1920च्या दशकात इंग्लंडमधील रॉथमस्टेड कृषी संशोधन केंद्रात पिकांच्या प्रयोगांसाठी ही पद्धत घडवली. तिथेही अडचण हीच होती: एकच खत घातलेल्या दोन वाफ्यांचे उत्पन्नही सारखे येत नाही.

आता हिशेब. प्रत्येक ग्राहकाचा गुण आपल्या शाखेच्या सरासरीपासून किती दूर आहे ते पाहून त्या अंतराचा वर्ग करायचा. स्टेशन शाखेत 10 गुण देणारा ग्राहक सरासरीपासून 2.5 दूर आहे, म्हणून त्याचे 6.25. असे आठही वर्ग मिळवले की 12 होतात. योगायोगाने उरलेल्या दोन्ही शाखांतही 12 येतात, म्हणजे एकूण 36. चोवीस ग्राहकांतून तीन सरासऱ्या काढल्या, म्हणून 24 वजा 3, अर्थात 21 ने भागायचे. उत्तर 1.71. ही झाली शाखांच्या आतली घट-वाढ.

शाखांमधल्या फरकासाठी सगळ्यांची मिळून सरासरी 6.5 घ्यायची. तिच्यापासून तीन शाखा 1, 0 आणि 1 अशा अंतरावर आहेत. वर्गांची बेरीज 2, प्रत्येक शाखेत आठ ग्राहक म्हणून 16. तीन शाखांमागे 3 वजा 1, म्हणजे 2 ने भागल्यावर 8. आता 8 ला 1.71 ने भागले की 4.67 मिळतात. या गुणोत्तराला F म्हणतात; फिशर यांच्या सन्मानार्थ हे अक्षर जॉर्ज स्नेडेकर यांनी रूढ केले. शाखांत खरा फरक नसेल, तर F एकाच्या आसपास घुटमळतो. 5 टक्क्यांच्या पातळीवर इथे 3.47 ही सीमा आहे आणि आपला आकडा तिच्या पलीकडे गेला. p चे मूल्य सुमारे 0.021 येते. त्याचा अर्थ असा: तिन्ही शाखा खरोखर सारख्या असत्या, तर इतका किंवा याहून मोठा F शंभरात दोनेक वेळाच दिसला असता. शाखा वेगळ्या असण्याची शक्यता 98 टक्के आहे, असा अर्थ मात्र त्यातून काढता येत नाही.

पुष्कळ अहवाल इथेच थांबतात, आणि ते चूक आहे. F फक्त एवढेच सांगतो की तिन्ही सरासऱ्या एकच आहेत असे मानणे कठीण आहे. कोणती शाखा कोणापेक्षा वेगळी, हे तो सांगत नाही. म्हणून जोड्या ताडाव्या लागतात. मात्र तिन्ही जोड्यांवर सुटी टी-चाचणी लावली, तर कुठेही फरक नसताना निदान एका जोडीत खोटा फरक दिसण्याची शक्यता 5 टक्क्यांवरून सुमारे 12 टक्क्यांवर जाते. शाखा वाढल्या की ती आणखी चढते.

जॉन टुकी यांची पद्धत ही चूक सगळ्या जोड्या मिळून 5 टक्क्यांत ठेवते. आपल्या उदाहरणात तिची सीमा 1.65 गुण येते. स्टेशन आणि गावठाण यांच्यातला 2 गुणांचा फरक ती ओलांडतो. स्टेशन-बाजारपेठ आणि बाजारपेठ-गावठाण या जोड्यांत फरक 1 गुणाचा आहे, तो सीमेच्या आत राहतो.

निष्कर्ष लिहिताना पाय घसरतो तो याच ठिकाणी. बाजारपेठ स्टेशनइतकीच चांगली आणि गावठाणइतकीच वाईट, असे लिहिले तर ते तर्कालाच धरून होत नाही. फरक सिद्ध न होणे आणि फरक नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पट्टा दिला की हे लगेच कळते. स्टेशन आणि बाजारपेठ यांच्यातला खरा फरक उणे 0.65 ते अधिक 2.65 यांत कुठेही असू शकतो. म्हणजे पुरावा अपुरा आहे. स्टेशन आणि गावठाणसाठी पट्टा 0.35 ते 3.65 आहे. फरक आहे हे पक्के, पण तो किरकोळ की मोठा हे आठ-आठ ग्राहकांवरून ठरत नाही. घट-वाढ तेवढीच राहून प्रत्येक शाखेत 40 ग्राहक घेतले असते, तर सीमा 0.7 च्या आसपास आली असती आणि 1 गुणाचा फरकही निसटला नसता.

प्रश्न आधीच ठरलेला असेल, तर सगळ्या जोड्या तपासण्याची गरज नसते. समजा, स्टेशन आणि बाजारपेठ इथे टोकन पद्धत सुरू झाली आहे, गावठाणला नाही. मग पहिल्या दोन शाखांची मिळून सरासरी 7 आणि गावठाणची 5.5 एवढी एकच तुलना पुरते. फरक 1.5, पट्टा साधारण 0.3 ते 2.7. अट एकच: ही तुलना गुण हाती येण्यापूर्वी कागदावर उतरलेली हवी. आकडे पाहून निवडलेली तुलना आधीच ठरवलेली म्हणून खपवणे ही फसवणूक आहे.

या हिशेबाला आधार देणाऱ्या गोष्टींत सर्वांत नाजूक आहे ती उत्तरांची स्वतंत्रता. एकाच घरातल्या चौघांनी एकमेकांशी बोलून गुण दिले, तर ते चार ग्राहक धरता येत नाहीत, आणि अनोव्हाचे हे साधे सूत्र ही चूक दुरुस्त करू शकत नाही. एखाद्या शाखेत गुण फारच विखुरलेले आणि दुसरीत एकवटलेले असतील, विशेषतः ग्राहकसंख्याही असमान असेल, तर वेल्च यांची अनोव्हा आणि तिच्या जोडीला गेम्स-हॉवेल तुलना वापरावी. एक्सेलमधील Anova: Single Factor हा पर्याय F आणि p देतो, पण टुकीची तुलना देत नाही, ती वेगळी करावी लागते.

फरक सिद्ध झाला, तरी त्याचे कारण अनोव्हा सांगत नाही. गावठाण शाखेत पेन्शनच्या दिवशी गुण विचारले आणि स्टेशन शाखेत एरवीच्या दुपारी, तर मोजली गेली ती रांग. गुण कोणत्या दिवशी, कोणाकडून आणि कसे घेतले, हे F च्या आकड्याशेजारी लिहिलेले नसेल, तर तेवढ्यावरून कोणत्याही शाखाधिकाऱ्याला जाब विचारू नये.