नव्वद रुपयांचा फरक

एका दुकानाच्या रोख पुस्तकात ३१ मार्चला बँकेतली शिल्लक ४२,५०० रुपये आहे, पासबुकात मात्र ४७,४४०. बँक जुळवणी पत्रक इथून सुरू होतं.

दोन्ही वह्या शेजारी ठेवून जुळणाऱ्या रकमांवर खूण करत जायचं. रोख पुस्तकातली नावे बाजू पासबुकाच्या जमा बाजूशी ताडायची, कारण दुकानाचा पैसा बँकेसाठी देणं असतो. विद्यार्थी हमखास इथेच अडखळतात.

खूण न झालेल्या नोंदींत फरक दडलेला असतो. व्यापाऱ्याला दिलेला ९,००० चा चेक त्याने अजून वटवलेला नाही. बँकेकडून पैसे गेलेच नाहीत, म्हणून ते मिळवायचे. भरलेला ४,००० चा चेक जमा व्हायचाय, तो वजा. बँकेने परस्पर कापलेलं १५० शुल्कही वजा. उत्तर येतं ४७,३५०. नव्वद रुपये अजून कमीच!

फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल, तर आकड्यांची अदलाबदल तपासावी. इथे १,८९० चा चेक रोख पुस्तकात १,९८० लिहिला गेला होता. खर्च नव्वदने जास्त दाखवला, म्हणून ते मिळवले की ४७,४४० जुळतात. नऊची ही युक्ती केवळ इशारा देते. पुरावा मूळ चेकच्या स्थळप्रतीतच सापडतो.

आता शुल्क आणि चुकलेला आकडा यांची दुरुस्ती रोख पुस्तकात करायची. दोन्ही चेकना हात लावायचा नाही. ते पुढच्या महिन्यात पासबुकात दिसतील. भरलेला चेक तेव्हाही दिसला नाही, तर बँकेत चौकशी करावी.