सकाळी साखर 102, संध्याकाळी 316: असे का होते?

आमच्या वस्तीतल्या एका मावशींना किडनीच्या आजारासाठी प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी सुरू झाली. रोज सकाळी आठला, न्याहारीनंतर, 40 मिलिग्रॅम. आधी त्यांना साखर नव्हती. पंधरा दिवसांत तहान वाढली, लघवीला सारखे जावे लागू लागले. उपाशीपोटी रक्त तपासले तर साखर 102. घरचे निश्चिंत झाले. पण संध्याकाळी पाचला बोटातून थेंब काढून पाहिले, तर 316!

दोन्ही आकडे खरे होते. सकाळी घेतलेल्या गोळीचा साखरेवरचा जोर साधारण चार ते आठ तासांनी सर्वात जास्त असतो. यकृत जास्त साखर सोडते आणि शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. त्यात दुपारच्या जेवणाची भर पडते. रात्री हा जोर ओसरतो, म्हणून पहाटे साखर पुन्हा खाली येते. त्यामुळे ही गोळी चालू असताना नुसती उपाशीपोटीची तपासणी पुरत नाही. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी किंवा रात्रीच्या जेवणाआधी साखर तपासावी.

मावशींना आधी रात्री झोपताना लांब चालणारे इन्सुलिन दिले गेले. संध्याकाळचा आकडा पाहून ते वाढवतही नेले. एका पहाटे तीनला त्या घामाने भिजल्या, हातपाय थरथरू लागले. साखर 54. तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली, तेव्हा सावरल्या. इन्सुलिन चालू होते, पण गोळीचा जोर संपला होता.

मग डॉक्टरांनी वेळ बदलली. रात्रीचे बंद करून एनपीएच हे दुधासारखे गढूळ इन्सुलिन सकाळी गोळीबरोबरच सुरू केले. त्याचा जोरही चार तासांनंतर चढतो आणि रात्रीपर्यंत उतरतो, म्हणजे गोळीच्या पावलावर पाऊल. सुरुवात 10 युनिटने झाली, संध्याकाळचे आकडे पाहत 16 पर्यंत नेले. संध्याकाळची साखर 170 च्या आसपास आली आणि पहाटेचा घाम थांबला.

पुढे गोळी 20 मिलिग्रॅमवर आली, तेव्हा डॉक्टरांनी इन्सुलिनही 8 वर आणले. इथेच पुष्कळ घरांत चूक होते. गोळी कमी होते, इन्सुलिन तेवढेच राहते आणि साखर एकदम खाली जाते. म्हणून गोळी कमी करायला सांगितली, की त्याच वेळी विचारावे, "डॉक्टर, इन्सुलिन किती कमी करू?"

हे आकडे मावशींचे आहेत. तुमचे डॉक्टर ठरवतील. गोळी दिवसातून दोनदा असेल किंवा डेक्सामेथासोन असेल, तर जोर रात्रीही राहतो आणि वेळापत्रक वेगळे लागते. साखर वाढली म्हणून स्टेरॉइड मनाने बंद करू नये. बरेच आठवडे घेतल्यावर शरीर स्वतःचे स्टेरॉइड बनवणे कमी करते, आणि गोळी अचानक थांबवली तर जिवावर बेतू शकते. साखर 300 च्या वर राहिली आणि उलट्या किंवा गुंगी असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.