समासातला प्रश्न

निबंधाच्या वह्या परत मिळायच्या दिवशी वर्गात सगळ्यांची एकच धास्ती असते: गुण किती पडले? कळमनुरी तालुक्यातल्या डोंगरकड्याचा, केळीच्या पट्ट्यातला एखादा नववीतला मुलगा डोळ्यांपुढे आणू. 'आमच्या शेतावरचे वादळ' या निबंधात त्याने लिहिले आहे, 'वारा आला आणि बाग पडली. खूप नुकसान झाले.' वही उघडताना त्याला लाल रेघांची भीती आहे. पण समासात, नेमक्या त्या वाक्यासमोर, बाईंनी लिहिले आहे: 'झाडे मुळासकट उपटली की खोडातून मोडली? आधी कोणती पडली?' गुण मात्र कुठेच नाहीत. याचे उत्तर त्याला ठाऊक आहे, फक्त ते लिहिण्याजोगे आहे असे वाटले नव्हते. दुसऱ्या खर्ड्यात तो लिहितो, की निसवलेली झाडे घडाच्या भाराने आधी मोडली आणि लहान झाडांची नुसती पाने फाटली. निबंधात आता वादळ दिसू लागते.

शेरा लिहिणे ही कारागिरी आहे. 'छान', 'अक्षर सुधारा', 'अधिक विस्तार हवा' हे शेरे कुठल्याही वहीवर चालतात, म्हणूनच ते कुणाच्याच उपयोगी पडत नाहीत. उपयोगी शेरा एका वाक्याला चिकटलेला असतो आणि तो उत्तर देत नाही, मागतो. त्याच्याशेजारी गुण लिहिले, तर तो बहुधा वाया जातो. रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला प्रयोग 1988 साली प्रसिद्ध झाला. काहींना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरे, काहींना दोन्ही. पुढच्या कामात रस आणि कामगिरी टिकली ती फक्त शेरे मिळालेल्यांची. दोन्ही मिळालेली मुले गुणवाल्यांसारखीच वागली. ती कामे मराठी निबंधाची नव्हती, ही मर्यादा मान्यच. पण आकडा दिसला की नजर शेजाऱ्याच्या वहीकडे वळते, हे निबंधालाही लागू पडते.

साठ मुलांच्या वर्गात हे जमणार कसे, हा आक्षेप खरा आहे. एका वहीला पाच मिनिटे धरली तरी पाच तास होतात. म्हणून प्रत्येक चूक दुरुस्त करायचा हट्ट सोडावा लागतो: एका निबंधाला दोनच प्रश्न, आणि एका आठवड्यात वीसच वह्या. गुण नोंदवावेच लागतात, पालकही विचारतात. तर ते नोंदवहीत ठेवून दुसरा खर्डा आल्यावर सांगता येतात. दहावीच्या बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत अशी सोय नाही. निकालानंतर छायाप्रत मागवता येते, पण तोवर खर्डा पुन्हा लिहायची वेळ गेलेली असते. त्यामुळे हा प्रश्न विचारायची जागा नववीची वहीच, आणि तिथेही मुलाला उत्तर लिहायला एक तासिका राखून ठेवली तरच. ती नसेल, तर चांगला शेराही वाचून मिटला जातो.