काचेवरचा पाव तरंगाचा लेप

हवेतून काचेत शिरताना प्रकाशाला प्रतिबाधा एकदम बदललेली आढळते, म्हणून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. मध्ये पातळ लेप दिला, तर त्याच्या दोन्ही पृष्ठांवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना खोडू शकतात. त्यासाठी लेपाची जाडी त्याच्यातील तरंगलांबीच्या पाव हवी आणि प्रतिबाधा हवा व काच यांचा गुणोत्तर मध्य हवी. प्रतिबाधा अपवर्तनांकाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून १.५२ अंकाच्या काचेला १.५२ चे वर्गमूळ, म्हणजे १.२३ अंकाचा लेप लागतो. इतक्या कमी अंकाचा टिकाऊ घन पदार्थ मिळत नाही, हीच खरी अडचण. मग १.३८ अंकाच्या मॅग्नेशियम फ्लोराइडवर भागवतात. ५५० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशासाठी जाडी ५५० भागिले (४ × १.३८), म्हणजे सुमारे १०० नॅनोमीटर. परावर्तन १.३ टक्क्यांवर येते. लाल-निळा प्रकाश मात्र थोडा जास्त परततो, म्हणून असे भिंग जांभळट दिसते.