एका सू शेफसाठी दोन पत्रं

हॉटेलच्या किचनमधून सू शेफ परदेशी जायला निघाला की हेड शेफ त्याला पत्र देतो. बहुतेक वेळा त्यात चारच ओळी असतात. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत आमच्याकडे होता, मेहनती, प्रामाणिक आणि वक्तशीर आहे, पुढच्या वाटचालीला शुभेच्छा. लिहिणाऱ्याच्या मनात या माणसाविषयी खरी माया असते. पाच-सहा वर्षं दोघांनी एकाच पासवर उभं राहून शनिवारची गर्दी काढलेली असते. पण यातलं काहीच त्या चार ओळींत उतरत नाही.

अडचण अशी की हे पत्र दोन अगदी वेगळी माणसं वाचतात. एक इमिग्रेशनचा अधिकारी आणि दुसरा तिकडचा हेड शेफ. दोघांना हवं असतं ते वेगवेगळं. म्हणून एकाच कागदावर दोघांची सोय करत बसण्यापेक्षा दोन पत्रं द्यावीत, असं माझं ठाम मत आहे.

कॅनडाचं उदाहरण घेऊ. तिथल्या सरकारने प्रत्येक व्यवसायाला एक क्रमांक दिलेला आहे. शेफचा 62200 आणि कुकचा 63200. सू शेफ पहिल्या गटात मोडतो, पण तो केवळ हुद्द्याच्या जोरावर नाही. आपल्याकडे हा हुद्दा सैल हाताने वाटला जातो. कार्डावर सू शेफ आणि दिवसभर काम मात्र करी सेक्शन सांभाळण्याचं, असे कितीतरी जण आहेत. त्यामुळे अधिकारी हुद्द्यापाशी थांबत नाही, कामाचं वर्णन वाचतो. पत्रात नुसतं ‘भारतीय पदार्थ उत्तम बनवतो’ एवढंच असेल, तर तो माणूस कुक ठरू शकतो. सू शेफ म्हणजे हाताखालच्या लोकांवर देखरेख, त्यांना नवं काम शिकवणं, मेन्यू ठरवण्यात वाटा आणि माल मागवणं. स्वतः शिजवणं हे त्यातलं एक काम.

मग काहीजण सरकारी संकेतस्थळावरची वाक्यंच्या वाक्यं उचलतात. त्याने संशय वाढतो, कारण दहा अर्जदारांच्या पत्रांत तीच वाक्यं येतात. समजा, पुण्यातल्या 80 खुर्च्यांच्या रेस्टॉरंटमधला सू शेफ निघाला आहे. त्याच्या पत्रात असं यायला हवं: ‘त्यांच्या हाताखाली 3 सीडीपी आणि 6 कॉमी काम करत. ड्यूटी रोस्टर तेच लावत. भाजी, मांस आणि किराण्याचा रोजचा इंडेंट तेच काढत आणि माल उतरताना वजन व तापमान तपासून घेत. नव्या मुलांना तंदूर आणि ग्रेव्हीचं काम त्यांनी शिकवलं. माझ्या सुट्टीच्या दिवशी पासवर तेच उभे राहत.’ काम तेच, पण हे वाचताना एक विशिष्ट किचन डोळ्यांसमोर उभं राहतं.

या पहिल्या पत्राचा बाकीचा भाग रुक्ष असतो आणि तसाच असावा. हॉटेलचं लेटरहेड, पत्ता, फोन आणि ईमेल, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, कोणत्या काळात कोणता हुद्दा, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि इतर लाभ, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा. तो आधी सीडीपी होता आणि नंतर सू शेफ झाला असेल, तर दोन्ही काळ वेगळे दाखवायचे. त्या दोन्ही काळांतली कामंही वेगळी लिहायची. पगाराचा आकडा सॅलरी स्लिप आणि फॉर्म 16 शी जुळला पाहिजे. तास वाढवून सांगण्यात फायदा नाही, कारण तिथे आठवड्याला 30 तास म्हणजे पूर्णवेळ धरतात आणि त्यावरच्या तासांचा अनुभव जास्त मोजत नाहीत. सीडीपीच्या काळालाही सू शेफ लिहून द्या, असा आग्रह होतो. तो प्रेमाने पण साफ नाकारावा. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर कॅनडाचं दार त्या मुलाला 5 वर्षं बंद होतं.

बऱ्याच हॉटेलांत एचआर फक्त तारखा आणि हुद्दा लिहून देतं, कामाचा तपशील देत नाही. अशा वेळी हेड शेफने मसुदा तयार करून एचआरसमोर ठेवावा आणि त्यांच्या संमतीने लेटरहेडवर सही करावी. हे नोटीसच्या काळातच उरकावं आणि शेवटच्या दिवसाची तारीख घातलेलं पत्र त्याच दिवशी हातात द्यावं. माणूस एकदा बाहेर पडला की सहीसाठी हेलपाटे सुरू होतात.

दुसरं पत्र शेफने शेफला लिहायचं. तिथे हुद्दा आणि पगार दुय्यम. वाचणाऱ्याला एकच प्रश्न असतो: मी नसताना हा किचन चालवेल का? त्याचं उत्तर विशेषणांनी देता येत नाही. शनिवारी रात्री किती कव्हर्स निघतात, आणि तंदूर मध्येच बंद पडला तेव्हा याने काय केलं, ते लिहावं. फूड कॉस्ट, म्हणजे शंभर रुपयांच्या विक्रीमागे कच्च्या मालावर गेलेले रुपये, 35 वरून 32 वर आली असेल, तर ती कशी आली तेही सांगावं. ‘मटणाच्या ट्रिमिंगचं वजन रोज लिहायला लावलं आणि हाडं शोरब्याकडे वळवली’ हे वाक्य आकड्यापेक्षा जास्त बोलतं. आकडा कुणीही लिहू शकतो. तो कुठून आला हे फक्त शेजारी उभं राहिलेल्यालाच ठाऊक असतं.

ॲलर्जीबद्दल मात्र सविस्तर लिहावं, कारण आपल्या किचनमधून आलेल्या माणसाविषयी तिकडच्या शेफला नेमकी तिथेच धास्ती असते. मोहरी, तीळ, शेंगदाणे, काजू, दूध, गहू हे सगळे कॅनडाच्या ॲलर्जीच्या यादीत आहेत. आपली साधी फोडणीसुद्धा त्यात सापडते. त्यातून हिंग. बाजारात मिळणारं बरंचसं हिंग बांधानी असतं आणि त्यात अनेकदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. ग्लूटेन न चालणाऱ्या पाहुण्यासाठी ‘डाळ आहे, काळजी नको’ म्हणणारा सू शेफ त्याला आजारी पाडू शकतो. उलट, आपल्या सू शेफने हिंगाच्या डब्याचं लेबल वाचून त्या टेबलाची डाळ वेगळ्या कढल्यात, हिंगाशिवाय फोडणीला टाकायची पद्धत लावली असेल, तर ते दोन ओळींत जरूर लिहावं. त्याला पदार्थ नुसते पाठ नाहीत, त्यांत काय पडतं याचं भान आहे, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

जे येत नाही तेही लिहावं. बेकरीत त्याने काम केलेलं नसेल, तर तसं सांगावं. निव्वळ कौतुकाचं पत्र वाचणारा त्यातलं अर्धं सोडूनच देतो, आणि न येणाऱ्या कामावर उभं केलेला मुलगा पहिल्याच आठवड्यात उघडा पडतो. राग आवरण्याचा प्रश्न असेल आणि त्यात खरंच सुधारणा झाली असेल, तर तेही आडपडदा न ठेवता लिहिता येतं. पण ते आधी त्याच्याशी बोलून.

पत्र आवडलं की तिकडचा शेफ फोन करतो. त्याला बहुधा एवढंच विचारायचं असतं: हा उद्या परत आला तर घ्याल का? उत्तर देताना क्षणभर अडखळलात तरी त्याला तो नकारच वाटतो. म्हणून हे वाक्य पत्रातच लिहून टाकावं: ‘जागा असेल तर मी यांना पुन्हा घेईन.’ आणि खरोखर घेणार असाल तरच लिहावं. आपल्याकडे शेफ स्वतःही दोन-तीन वर्षांनी हॉटेल बदलतात, त्यामुळे हॉटेलच्या नंबरासोबत आपला मोबाइल नंबरही द्यावा, नाहीतर ‘ते आता इथे नसतात’ एवढंच उत्तर मिळतं. टोरांटोचं लंच आटोपून तिथला शेफ दुपारी तीनला फोन उचलतो, तेव्हा उन्हाळ्यात पुण्यात रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात आणि हिवाळ्यात दीड. कोणत्या वेळी फोन घेता येईल, तेही सहीच्या खाली लिहून ठेवावं.