भेग थांबली की वाढते आहे?

भेगेवर आडवी बसवलेली जिप्सम प्लास्टरची पातळ, तारीख घातलेली पट्टी तडकली, म्हणजे भिंत अजून हलते आहे एवढेच कळते. शिवाय ती गिलावा काढून थेट विटांवर बसवलेली नसेल, तर सुटलेल्या गिलाव्याची हालचालच भिंतीची वाटू शकते. हालचाल किती व कोणत्या दिशेने, हे मोजण्यासाठी भेगेच्या दोन बाजूंना घट्ट केलेल्या, एकमेकींवर सरकणाऱ्या दोन पट्ट्यांचे मापक लावतात, ज्यावर मिलिमीटरच्या रेषा असतात. पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात आकसणाऱ्या काळ्या मातीवरील घरात, समजा, मे महिन्यातील ४ मिलिमीटरची भेग सप्टेंबरात २ वर आली, तर तेवढ्यावरून ती बुजवणे घाईचे ठरते. पुढील मे महिन्यात ती पुन्हा ४ भरली, तर हालचाल बहुधा ऋतुमानाची असते, परंतु ६ भरली, तर पाया खचत असल्याची शंका बळावते.