नळी निघाल्यानंतर अरुंद होत जाणारी वाट

समजा, पंचेचाळिशीच्या एक बाई न्यूमोनियामुळे दोन आठवडे व्हेंटिलेटरवर होत्या. नळी निघाली, त्या घरी आल्या, हिंडू-फिरू लागल्या. पाचव्या आठवड्यात जिना चढताना धाप लागली, तेव्हा अशक्तपणा असेल असं घरच्यांना वाटलं. सातव्या आठवड्यात श्वासाला आवाज येऊ लागला. दमा समजून पंप दिला गेला, पण उतार पडेना.

इजा झाली होती ती नळी घशात असतानाच. स्वरतंतूंच्या खाली क्रिकॉइड या कूर्चेचं कडं असतं. श्वासनलिकेची बाकीची कडी मागून उघडी असतात, हे एकटंच पूर्ण गोल. त्यामुळे ते पसरत नाही आणि नळी व कडं यांच्यामध्ये नाजूक अस्तर चेपलं जातं. त्याचा रक्तपुरवठा अडला की व्रण होतो. जाड नळी आणि रुग्णाची तळमळ यांनी तो वाढतो. खाली श्वासनलिकेतही फुग्याच्या दाबाने असंच होऊ शकतं, म्हणून तो दाब 20 ते 30 सेंटिमीटर पाण्याइतकाच ठेवतात.

नळी निघाल्यावर व्रण भरतो, तिथे घट्ट ऊती तयार होते आणि ती आठवडेच्या आठवडे आकसत राहते. आवाज उशिरा येतो तो यामुळे. प्रौढ माणसाच्या वाटेत बरीच मोकळीक असते. साधारण 8 मिलिमीटर उरेपर्यंत फक्त श्रमाने धाप लागते, 5 मिलिमीटरच्या आसपास बसल्या जागीही घरघर ऐकू येते. व्यास निम्मा झाला की हवेला होणारा अडथळा सोळापट वाढतो. मग साध्या सर्दीची सूजही धोक्याची ठरते.

दम्याची शिट्टी मुख्यतः श्वास सोडताना येते. हा आवाज श्वास घेतानाही येतो आणि स्टेथोस्कोप छातीपेक्षा मानेवर ठेवला तर जास्त स्पष्ट ऐकू येतो. महिन्या-दोन महिन्यांपूर्वी नळी होती, हे ऐकलं की दुर्बिणीने तपासायलाच हवं.

व्रण पातळ, पडद्यासारखा आणि सेंटिमीटरहून आखूड असेल, तर तोंडावाटे छेद देऊन फुग्याने वाट रुंदावतात आणि तिथे स्टेरॉइड टोचतात. बाहेरून छेद लागत नाही, पण व्रण पुन्हा आकसू शकतो. दोन-तीनदा करूनही वाट मिटत असेल, व्रण लांब असेल किंवा कूर्चाच खचली असेल, तर तेच करत राहण्यात अर्थ नाही असं मला ठामपणे वाटतं. तेव्हा बरगडीची कूर्चा बसवून कडं रुंद करतात. लहान मुलांत हे जास्त केलं जातं. प्रौढांत बहुधा खराब भाग कापून वरची-खालची टोकं जोडतात. जोडावर ताण येऊ नये म्हणून हनुवटी छातीला टाक्याने आठवडाभर बांधून ठेवतात. स्वरतंतूंच्या नसा तिथूनच जातात, त्यामुळे आवाज बदलण्याचा धोका असतो. शस्त्रक्रिया झेपण्याजोगी नसेल, तर गळ्यात छिद्र पाडून ट्रॅकिओस्टोमीची नळी घालतात.

वरच्या उदाहरणातल्या बाईंचा व्रण आखूड निघाला, तर सुरुवात फुग्यानेच होईल आणि वाट पुन्हा आकसते का, हे पाहायला काही आठवड्यांनी दुर्बीण घालावी लागेल.